मावशींची वही आणि मधली जागा

जून संपत आला की बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराची मागची भिंत ओल धरते. मग टेबलावरचे कागद उचलून पुढच्या खोलीत आणायचे, हे दरवर्षीचं काम. यंदा त्या कागदांत पुठ्ठा बांधलेली एक लांबट वही होती. खानापूरकडच्या एका खेड्यातल्या मावशींची. माझ्या आईची बालमैत्रीण, म्हणून मावशी. वय ऐंशीच्या पुढं. आज्जीनं लिहून ठेवलेल्या आठवणींचं छोटं पुस्तक काढायचं नातवानं मनावर घेतलं. प्रती शंभर, घरच्यांना आणि गावच्या वाचनालयाला. टाइप करणं, प्रुफं बघणं, पानं लावणं हे माझं रोजचं काम, त्यामुळं वही माझ्याकडं आली.

मावशींचं शिक्षण मराठी चौथी. त्या शाळेत होत्या तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, तोवर त्यांची शाळा सुटून गेली होती. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आले १९६२ साली. म्हणजे त्यांच्या हाताला लागलेलं वळण त्या आधीचं. वहीत ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार पानोपानी आहेत. ते आजच्या रीतीनं काढायला त्यांची हरकत नव्हती. मी अडलो ते दुसऱ्याच ठिकाणी. पहिल्या पानावर ‘पाऊस हळू हळू वाढला’. तिसऱ्या पानावर ‘हळूहळू’. आणि नातवानं हौसेनं आधीच टाइप करून आणलेल्या बारा पानांत ‘हळू-हळू’. एका बाईचं एक पुस्तक, आणि त्यात एकच शब्द तीन तऱ्हांनी.

ही गोष्ट मावशींच्या वहीपुरती नाही. बेळगाव हे गल्ल्यांचं गाव, पत्ता विचारला तर आधी गल्ली सांगतात. त्यामुळं ‘गल्लोगल्ली’ हा शब्द इथं मंडळांच्या पावत्यांवर, पत्रकांवर, कापडी फलकांवर सतत दिसतो, आणि निम्म्या वेळा तो ‘गल्लो गल्ली’ असा तुटलेला असतो. एका फलकावर तर वरच्या ओळीच्या शेवटी ‘गल्लो’ आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला ‘गल्ली’ होतं. वाचणारा वरच्या ओळीशी क्षणभर थांबतो, कारण ‘गल्लो’ म्हणजे काहीच नाही.

मला या शब्दांची धास्ती आहे, तिला कारण आहे. खूप वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. एका घरच्या वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत मुलानं लिहून दिलं होतं, ‘आई जाता जाता सांगून गेली’. संगणक एकच शब्द लागोपाठ दोनदा आला की त्याच्याखाली तांबडी रेघ ओढतो. मी घाईत होतो. रेघ दिसली आणि दुसरा ‘जाता’ पुसला. छापून आलं, ‘आई जाता सांगून गेली’. व्याकरणानं वाक्य कसंबसं उभं राहिलं, पण आई गेली त्या घडीचं जे त्या दोन शब्दांत होतं, ते निघून गेलं. मुलगा काही बोलला नाही. पत्रिका हातात धरून नुसता उभा राहिला. तेव्हापासून मी पुनरुक्त शब्दावरची रेघ बघितली की आधी हात मागं घेतो.

तर मावशींची वही. सगळं टाइप झाल्यावर आधी हे शब्द एकत्र बघायचे ठरवलं. लिब्रे ऑफिसमध्ये शोधायच्या चौकटीत `Regular expressions` ही खूण चालू केली की नेमका शब्द न देता शब्दाचा साचा शोधता येतो. मी पहिल्यांदा टाकलेला साचा ढिला होता. तो ‘घर रस्त्याला लागून’ यातसुद्धा अडकला, कारण ‘घर’चा र आणि ‘रस्त्या’चा र हीही त्याच्या लेखी पुनरुक्तीच. शब्दांच्या कडा बांधून घेतल्यावर तो नीट चालला:

```
\b([^ -]+)[ -]\1\b
```

याचा अर्थ एवढाच, की एक अख्खा शब्द, मग मोकळी जागा किंवा जोडरेघ, आणि मग तोच शब्द पुन्हा. अशा ८६ जागा निघाल्या. हळू हळू, पुन्हा पुन्हा, कधी कधी, चालता चालता, जे जे, लहान लहान, दोन दोन, एक एक. पण ‘घरो घरी’ यातून निसटलं, ‘मधो मध’ निसटलं, ‘पिढ्यान् पिढ्या’ही निसटलं. त्यांचे दोन्ही भाग अक्षरशः सारखे नाहीत, म्हणून यंत्राला ती पुनरुक्ती दिसतच नाही. ते शब्द मला पानं वाचूनच गोळा करावे लागले. दोन याद्या झाल्या, एक यंत्रानं काढलेली आणि एक डोळ्यांनी काढलेली. पुढं लक्षात आलं, की निम्मं उत्तर या दोन याद्या वेगळ्या झाल्या त्यातच होतं.

आधी नियम काय म्हणतो ते बघू. महामंडळाच्या १९६२ च्या चौदा नियमांत, ज्यांत १९७२ साली आणखी चारांची भर पडून अठरा झाले, एक नियम नेमका हळूहळूवरच आहे. हळूहळू, मुळूमुळू, खुटूखुटू अशा शब्दांत दुसरं आणि चौथं अक्षर दीर्घ लिहावं. पण शब्द नादाची नक्कल करणारा असेल तर उच्चाराप्रमाणं ऱ्हस्व लिहावं, जसं लुटुलुटु, दुडुदुडु, रुणुझुणु. नियम इथं संपतो. जोडून लिहा की तोडून लिहा, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. शाळेत आम्ही हा ऱ्हस्वदीर्घाचा नियम म्हणूनच पाठ केला.

पण तो नियम करावा का लागला, हे बघितलं तर जोडण्याचं उत्तर त्यातच सापडतं. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार किंवा उकार दीर्घ लिहायचा, हा वेगळा नियम आहेच. ‘हळू’ आणि ‘हळू’ हे दोन सुटे शब्द असते तर त्या नियमानं दोन्ही ळू आपोआप दीर्घ झाले असते, नवीन काही सांगायची गरजच नव्हती. गरज पडली, कारण नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हा चार अक्षरांचा एक शब्द होता. त्यातला पहिला ळू शब्दाच्या मध्ये अडकलेला होता, शेवटी नव्हता, म्हणून त्याचं काय करायचं हा प्रश्न आला. ‘दुडुदुडु’चं तर आणखी स्पष्ट आहे. तो तोडला की प्रत्येक तुकड्याचा शेवटचा डु दीर्घ होणार आणि ‘दुडू दुडू’ लिहावं लागणार. मूल दुडुदुडु धावतं त्यातली ती लहान लहान पावलं मग लांबतात. म्हणजे मधली जागा नुसती जागा नाही. ती सोडली तर स्वराची लांबीसुद्धा बदलते.

एवढ्यावर मी ठरवून टाकलं असतं की सगळं जोडायचं. थांबलो तो शेजारच्या मास्तरांमुळं. मास्तर कन्नड शाळेतून निवृत्त झालेले. मराठी आमच्यासारखंच बोलतात, फक्त गणती कन्नडमधून करतात. संध्याकाळी कट्ट्यावर बसलो असताना मी त्यांना डोळ्यांनी काढलेली यादी दाखवली. ते म्हणाले, “अहो, हे आमच्यात पोरांना शिकवतोच की आम्ही. द्विरुक्ती.” आणि त्यांनी बोटांवर सांगायला सुरुवात केली. ‘कडे’ म्हणजे शेवट. ‘कडे कडे’ मिळून होतं ‘कट्टकडे’, म्हणजे अगदी शेवटी. ‘मोदलु’ म्हणजे आधी, त्याचं ‘मोत्तमोदलु’, सगळ्यांच्या आधी. ‘नडु’ म्हणजे मध्य, त्याचं ‘नट्टनडु’.

“नट्टनडु म्हणजे आपलं मधोमध,” मी म्हटलं.

“हां. आता मला सांगा, नट्ट म्हणजे काय?”

काहीच नाही. तसं ‘मधो’ म्हणजे तरी काय? तेही काही नाही. मास्तरांचं म्हणणं होतं, की कन्नडमध्ये ‘नट्ट नडु’ असं तोडून लिहिलं तर चौथीतल्या पोराच्या वहीतसुद्धा ते खूण करायचे. कारण पहिला तुकडा एकटा उभा राहू शकत नाही, त्याला दुसऱ्याचा टेकू लागतो. आयुष्यभर मराठी अक्षरं लावत आलोय, पण ही कसोटी मला इतकी सरळ करून कुणी सांगितली नव्हती. ती मला कन्नडच्या मास्तरांकडून मिळाली, याचा मला फार आनंद झाला. आमच्या भागात भाषा म्हटली की माणसं लगेच ताठ होतात, पण कट्ट्यावर असं रोज घडत असतं.

त्या कसोटीनं डोळ्यांची सगळी यादी एका बैठकीत निकाली लागली. घरोघर, घरोघरी, दारोदार, गावोगाव, गल्लोगल्ली, हातोहात, पाठोपाठ, खरोखर, वेळोवेळी. यांतला ‘घरो’ कुठं असतो? ‘पाठो’ कुठं मिळतो? मध्ये आलेला तो ‘ओ’ म्हणजे दोन भाग शिवलेला टाका आहे, आणि टाका उसवून दोन्हीकडं अर्धा अर्धा ठेवता येत नाही. हे शब्द जोडूनच. ‘दिवसेंदिवस’चंही तसंच. शाळेच्या व्याकरणात हे शब्द अव्ययीभाव समासाखाली येतात, आणि समास म्हटला की एक शब्द झालाच. ‘घरो घर’ किंवा ‘घरो-घर’ याला कुठलाच आधार नाही.

हीच कसोटी विशेषणांना लावली की एक सुंदर जोडी समोर येते. ‘मोठमोठी झाडं’ आणि ‘मोठी मोठी झाडं’. पहिल्यात ‘मोठ’ला स्वतःचं लिंग नाही, वचन नाही. झाडांना म्हणा, दगडांना म्हणा, ‘मोठमोठ्या’, ‘मोठमोठे’, प्रत्यय काय तो शेवटी एकदाच लागतो. म्हणून तो एक शब्द. दुसऱ्यात दोन्ही शब्द आपापले बदलतात, मोठी मोठी, मोठे मोठे, मोठ्या मोठ्या. प्रत्येकाला आपापला प्रत्यय म्हणजे प्रत्येक जण स्वतंत्र, म्हणून सुटे. वेगवेगळे पण वेगळे वेगळे. नवनवे पण नवे नवे. मावशींच्या वहीत हे सगळं बरोबर होतं, आणि त्यांना कुणीही शिकवलेलं नव्हतं. ‘वेग वेगळे’ असं त्यांनी कुठंही लिहिलेलं नाही. कान बरोबर सांगतो.

राहिली यंत्रानं काढलेली यादी. ती अवघड, कारण तिच्यातला प्रत्येक तुकडा एकटा उभा राहू शकतो. हळू एकटा चालतो, कधी एकटा चालतो. तिथं मास्तरांची कसोटी पुरत नाही, अर्थाकडंच जावं लागतं. ‘कधीकधी येतो’ म्हणजे अधूनमधून येतो. ‘कधी कधी येणार ते लिहून दे’ म्हणजे कुठल्या कुठल्या दिवशी येणार ते सांग. पहिल्यात दोन मिळून तिसराच अर्थ झालाय, दुसऱ्यात प्रत्येक ‘कधी’ एकेका दिवसाकडं बोट दाखवतो. मोठ्यानं म्हणून बघितलं तर जिभेलाही कळतं, पहिला एका दमात जातो, दुसऱ्यात मध्ये किंचित थांबतो. ‘जे जे’, ‘ज्या ज्या’, ‘काय काय’, ‘दोन दोन’ हे दुसऱ्या जातीचे, मोजणारे, वाटून देणारे. ते सुटे. ‘चालता चालता’, ‘बसून बसून’, ‘जाता जाता’ यांत क्रिया पुन्हा पुन्हा होत असते, तेही सुटेच वाचायला बरे. नादाचे शब्द, कडकड, गडगड, खळखळ, हे जोडूनच. कारण त्यांच्यापासून कडकडणं, खळखळणं अशी क्रियापदं होतात, आणि दोन सुट्या शब्दांचं मिळून एक क्रियापद होत नाही. पण आमच्या मागच्या खोलीत पन्हाळीतून थेंब पडतो, थांबतो, मग दुसरा पडतो, तो टपटप नव्हे. तो टप, टप. मध्ये थेंबाएवढी जागा हवी.

‘पुन्हा पुन्हा’ला मला कुठलीच कसोटी नीट लागली नाही. दोन्ही तऱ्हांनी लिहिणारे चांगले लेखक मी छापलेत. मी सुटा ठेवला आणि पुस्तकभर सुटाच ठेवला. असं जिथं होतं तिथं एकच वाट धरून शेवटपर्यंत चालणं, यापलीकडं प्रूफ बघणाऱ्याच्या हातात काही नसतं.

आता ती जोडरेघ. नातवाच्या बारा पानांत ‘हळू-हळू’ होतं, ‘घरो-घरी’ होतं, पण पुढच्या पानांत एकही नाही, हे मला खटकत होतं. मुलगा हुबळीला नोकरी करतो, हिंदी रोज वाचतो, आणि हिंदीत ‘धीरे-धीरे’ला रेघ देतातच, तेव्हा तिकडून आली असेल असा माझा पहिला अंदाज. ‘हळू-हळू’पुरता तो खरा निघाला, त्यानं स्वतःच सांगितलं. पण ‘घरो-घरी’चं मूळ वहीत होतं. वही उघडून ती ओळ काढली. मावशींची ओळ उजव्या कडेला संपताना शब्द मावला नव्हता, म्हणून त्यांनी शाळेत शिकवलेल्या रीतीनं ‘घरो-’ लिहून रेघ ओढली आणि ‘घरी’ खालच्या ओळीत घेतलं. ती रेघ शब्दाची नव्हती, कागदाच्या कडेची होती. टाइप करणाऱ्यानं दोन्ही ओळी जोडल्या, पण रेघ तशीच उचलली. जुनी पुस्तकं पुन्हा टाइप करताना हे फार होतं. सगळीकडं जोडलेल्या शब्दात एकाच जागी रेघ दिसली, तर मूळ प्रतीत ती ओळीच्या टोकाला होती का, हे आधी बघावं. बहुतेक वेळा असतेच.

रेघेचं मराठीतलं खरं काम दुसरं आहे. आई-वडील, दोन-तीन. दोन वेगळ्या गोष्टी शेजारी धरणं. ‘दोन-तीन भाकऱ्या’ म्हणजे दोन किंवा तीन. तीच रेघ ‘दोन-दोन भाकऱ्या’ अशी वापरली तर डोळा आधी अंदाज वाचायला जातो आणि मग परत फिरतो, अरे, प्रत्येकाला दोन. म्हणून ‘दोन दोन’. मावशींच्या पुस्तकातून पुनरुक्तीच्या सगळ्या रेघा मी काढल्या.

‘पिढ्यान् पिढ्या’नं मात्र वेगळाच त्रास दिला. नियमानं तो एकच शब्द, कारण ‘पिढ्यान्’ एकटा उभा राहत नाही. पण मधली जागा पुसली की संगणक न् आणि पि यांचं जोडाक्षर करतो आणि दिसतं ‘पिढ्यान्पिढ्या’. ‘तासन् तास’चं होतं ‘तासन्तास’, आणि त्यातला ‘न्ता’ बघून वाचणारा ‘शांतता’तल्यासारखा उच्चार करायला जातो. म्हणून टाइप करणारे जागा सोडून मोकळे होतात. उपाय आहे, फक्त तो दिसत नाही. पाय मोडलेल्या न् च्या पुढं U+200C हे रुंदी नसलेलं चिन्ह घालायचं. ते कागदावर उमटत नाही, जागाही घेत नाही, फक्त दोन अक्षरांना एकमेकांत मिसळू देत नाही. मग ‘पिढ्यान्‌पिढ्या’ असा पाय मोडलेला न दिसतो आणि शब्दही अख्खा राहतो. एक अडचण आहे. काही जुन्या फॉन्टांत त्या चिन्हाच्या जागी रिकामी चौकट छापली जाते. म्हणून पडद्यावर बघून भागत नाही, एक पान कागदावर काढून बघायचं.

हे सगळं झाल्यावर मी एक घाई केली. ‘हळू हळू’ चौदा ठिकाणी होतं. नियम पाठीशी होता, अर्थ पाठीशी होता, म्हणून ‘सगळीकडे बदला’ हे बटण दाबून चौदाही जागा जोडून टाकल्या. प्रुफं काढली आणि रविवारी खानापूरची बस धरली.

मावशींच्या सोप्यात बसून वाचायचं ठरलं होतं. बाहेर रोप लावणीची घाई, चिखलानं भरलेले पाय सारखे आत-बाहेर. मावशी मोठ्यानं वाचतात. डोळ्यांवर चष्मा असला तरी ओळीखाली बोट फिरवतात, शाळेत फिरवत होत्या तसंच. ‘पाऊस हळूहळू वाढला’ हे त्या सरळ वाचून गेल्या. ‘घरोघरी’ वाचून गेल्या. एकतिसाव्या पानावर बोट थांबलं. ओळ होती, ‘आई जातं ओढायची हळूहळू, मी मांडीवर निजलेली.’

“हे असं नव्हतं मी लिवलेलं.”

मी वही काढली. वहीत होतं, ‘हळू हळू’. मी म्हटलं, “मावशी, शब्द तोच आहे. जोडून लिहायची रीत आहे, म्हणून जोडला.”

“तोच कसा असंल? हळूहळू म्हंजे आधी कमी, मग जास्त. पाऊस वाढतोय तसं. आई तशी नव्हती ओढत.” त्यांनी प्रूफ बाजूला ठेवलं, उजवा पाय लांब केला आणि हवेत खुंटा धरला. हात एकदा पुढून मागं आला, थांबला. परत आला, थांबला. “एक हळू. मग आणि एक हळू. दाणं कमी घालायची, आवाज होऊ नये म्हणून. मी जागी होईन म्हणून. कळलं का तुला?”

कळलं. त्या ओळीत ‘हळू’ दोनदा आला होता, कारण आईचा हात दोनदा फिरला होता. दोन फेऱ्यांच्या मध्ये जी थांबायची जागा होती, तीच मी बटण दाबून पुसली होती. नियम चुकला नव्हता. तो शब्दच तिथं वेगळा होता, आणि तो मी वाचलाच नव्हता.

मग चौदाही जागा आम्ही एकेक करून वाचल्या. मी वाचायचो, मावशी डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, “हां,” किंवा “थांब.” अकरा जागी पाऊस वाढला, अंधार पडला, सासूचा राग गेला, पायाचं दुखणं बरं झालं. ते सगळे हळूहळू, एका दमातले. तीन जागी सुटे झाले. एक जात्याचं. एक, जत्रेतून येताना ओढ्यात वडील पुढून ओरडत होते ते, ‘हळू, हळू!’ तिथं तर स्वल्पविराम आणि उद्गारचिन्ह दोन्ही लागलं. तिसरं आजारी भावाला चमच्यानं पेज पाजतानाचं. त्या जागी त्या काही बोलल्या नाहीत, फक्त दोन बोटं वर करून दाखवली, दोन.

प्रुफावर जोडायचं असेल तर दोन अक्षरांच्या वर आणि खाली छोटी कमान काढतात, आणि जागा सोडायची असेल तर समासात # ही खूण करतात. चहा आला तेव्हा त्यांनी मला विचारलं, ही जाळीसारखी खूण कशाची. मी सांगितलं, इथं मोकळं सोडा म्हणून. त्यांना ती आवडली. पुढं वाचताना जिथं त्यांना थांबायचं असेल तिथं त्या “जाळी काढ” म्हणू लागल्या. दर वेळी त्या म्हणाल्या म्हणून मी काढली नाही. ‘वेगवेगळी’त त्यांनी जाळी मागितली तेव्हा मी त्यांना ‘वेग’ म्हणजे काय ते विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे, जोडूनच बरं.”

शेवटच्या पानाच्या आधीच्या पानावर दुष्काळाचं वर्ष आहे. खळ्यात सांडलेलं भात वेचल्याची ओळ. टाइप करताना मी तिथं ‘एकेक दाणा’ केलं होतं, कारण एक आणि एक मिळून एकेक होतं आणि दिसायलाही नेटकं दिसतं. मावशींनी ती ओळ वाचली, ‘एक’ म्हणून जमिनीकडं वाकल्या, दोन बोटांनी काहीतरी उचलून डाव्या तळहातावर ठेवलं, मग म्हणाल्या, ‘एक’, आणि पुन्हा वाकल्या. मी ‘एकेक’ खोडून वर ‘एक एक’ लिहिलं आणि समासात # काढला.